मीटिंगनंतरचा मेल मीटिंगला नसलेल्या माणसासाठी लिहा

प्रश्न: मी गोदामाच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर विकतो. मीटिंग छान होते, संध्याकाळी माझा मेल जातो आणि उत्तर येतं, ‘धन्यवाद, कळवतो’. मग सगळं थंड. आमचे साहेब म्हणतात, मेल आटोपशीर कर, त्यात ग्राहकाच्या गरजा आणि पुढचं पाऊल लिही. पण ते लिहायला गेलं की मेल आणखी वाढतो. परवाचा मेल आणि माझी टिपणं सोबत देतोय. यात नेमकं काय कापू आणि काय ठेवू?

उत्तर:

तुमचा मेल लांब नाहीये. मोजले तर शंभराच्या आसपास शब्द भरतील. तो लांब वाटतो, कारण वाचून झाल्यावर हाती काही लागत नाही. आधी तो इथे उतरवतो, म्हणजे बोट ठेवून बोलता येईल.

> विषय: आजच्या मीटिंगबद्दल आभार
>
> नमस्कार सर,
>
> आज आपण आपल्या व्यस्त वेळापत्रकातून आमच्यासाठी वेळ काढलात याबद्दल आमच्या संपूर्ण टीमतर्फे मनःपूर्वक आभार. आपल्याशी झालेली चर्चा अत्यंत फलदायी होती. आमची कंपनी गेली बारा वर्षे या क्षेत्रात कार्यरत असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे. चर्चेत सांगितल्याप्रमाणे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बारकोड स्कॅनिंग, रिअल टाइम स्टॉक, मोबाइल ॲप, तीस प्रकारचे रिपोर्ट आणि क्लाउड बॅकअप या सुविधा आहेत. त्यामुळे आपल्या गोदामाची कार्यक्षमता मोठ्या प्रमाणावर वाढेल याची आम्हाला खात्री आहे. आपल्या काही अडचणींबद्दलही चर्चा झाली, विशेषतः स्टॉक मोजणी आणि गोदामातल्या मुलांकडून होणाऱ्या चुका, त्यावर आमचे सॉफ्टवेअर उत्तम उपाय ठरेल. सोबत कंपनीचे ब्रोशर, प्रेझेंटेशन, दरपत्रक आणि ग्राहकांची यादी जोडत आहे. कृपया सवडीने पाहावे. काही शंका असल्यास निःसंकोच संपर्क साधावा. आपल्या सकारात्मक प्रतिसादाची वाट पाहत आहोत.

कुणाचाही मेल तपासायला घेतला की मी सुरुवातीला एकही शब्द बदलत नाही. प्रत्येक वाक्यापुढे फक्त खूण करतो: हे ग्राहकाबद्दल आहे, आपल्याबद्दल आहे, पुढे काय करायचं त्याबद्दल आहे, की नुसता उपचार आहे? तुमच्या मेलमध्ये दहा वाक्यं आहेत. तीन उपचाराची, चार तुमच्या कंपनीची. ‘सवडीने पाहावे’ आणि ‘निःसंकोच संपर्क साधावा’ ही दोन वाक्यं पुढच्या पावलाचा आव आणतात. राहिलं एक. ते ग्राहकाच्या अडचणीपासून सुरू होतं खरं, पण पूर्णविरामापर्यंत पोचता पोचता तेही तुमच्या सॉफ्टवेअरकडे वळतं.

तुमची टिपणं मात्र मेलपेक्षा कितीतरी चांगली आहेत. महिनाअखेरची मोजणी दोन दिवस चालते आणि तेवढे दिवस माल पाठवणं बंद असतं. आठवड्याला साधारण आठ-दहा वेळा चुकीचा पार्ट जातो आणि परत येतो. परत आलेल्या मालाची नोंद अकाउंट्सच्या मॅडमना चार-पाच दिवसांनी मिळते, म्हणून क्रेडिट नोट अडकते. वार्षिक मोजणीच्या आत हे मार्गी लागावं, असं सर म्हणाले. त्यांचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर तुमच्याशी जोडता येईल का, यावर तुम्ही ‘पाहून सांगतो’ म्हणालात. शेवटी ‘परत एकदा बसू’ असं ठरलं. आणि सगळ्यात खाली, घाईत लिहिलेली ओळ: निर्णय डायरेक्टर घेणार, ते आज नव्हते.

या शेवटच्या ओळीवरून सगळा मेल फिरवायला हवा. सर तुमचा मेल डायरेक्टरना फॉरवर्ड करणार आणि वर फार तर ‘बघाल का’ एवढंच लिहिणार. डायरेक्टर तो दोन कामांच्या मध्ये मोबाइलवर उघडणार. त्यांना काय दिसेल? दुसऱ्याच कुणाला दिलेले धन्यवाद, एका अनोळखी कंपनीची बारा वर्षं आणि पाच सुविधांची नावं. आपलं गोदाम दर महिन्याला दोन दिवस थांबतं, ही गोष्ट त्यात कुठेच नाही. ती असती तर ते थबकले असते. म्हणून मेल लिहिताना मी मीटिंगमधल्या माणसाला नमस्कार करतो, पण मजकूर मीटिंगला नसलेल्या माणसाला समजेल असाच ठेवतो. ‘चर्चेत सांगितल्याप्रमाणे’, ‘आपण बोललो ती अडचण’ असले शब्द इथेच गळून पडतात, कारण त्या तिसऱ्या वाचणाऱ्याला कुठली चर्चा नि कुठली अडचण हे ठाऊकच नसतं.

गरजा लिहिताना

गरजा म्हणजे तुमच्या सुविधांची उलटी यादी नव्हे. बरेच जण ‘रिअल टाइम स्टॉक देतो’ याचं ‘आपणास रिअल टाइम स्टॉकची गरज आहे’ असं करतात आणि गरज लिहिली असं समजतात. सरांनी मीटिंगमध्ये ‘रिअल टाइम’ हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. ते म्हणाले, ‘दोन दिवस गाड्या उभ्या राहतात.’ तेच लिहायचं, शक्यतो त्यांच्याच शब्दांत आणि त्यांनीच दिलेल्या आकड्यांसह. आकडा त्यांचा असला की त्यावर वाद होत नाही. त्यांनी अंदाजाने सांगितला असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द ठेवायचाच, कारण उद्या डायरेक्टरनी ‘हे आठ-दहा कुठून आणलं?’ विचारलं तर सर तोंडघशी पडता कामा नयेत.

तीनच गरजा लिहा. टिपणांत सात असल्या तरी तीन. कुठल्या तीन, हे ठरवायची माझी पद्धत साधी आहे: ज्या गोष्टीमुळे काम थांबतं, पैसे अडकतात किंवा माणसाला तेच काम दोनदा करावं लागतं, ती आत. ‘असलं तर बरं’ म्हणून आलेली बाहेर. ती टिपणवहीत राहू दे, प्रस्तावाच्या वेळी कामाला येईल.

एक गोष्ट मात्र मुद्दाम वगळायची. ‘गोदामातल्या मुलांकडून होणाऱ्या चुका’ हे सर तुमच्याशी मोकळेपणाने बोलले असतील. तुमच्या टिपणात तर ‘मुलं कंटाळा करतात, नोंदच करत नाहीत’ असंही आहे. बोलण्यात ते चालून जातं. लेखी आलं की ती तक्रार होते, आणि मेल फॉरवर्ड झाला की स्टोअरकीपरपर्यंतही पोचते. मी हे ठेच लागून शिकलोय. फार वर्षांपूर्वी एका व्यवस्थापकांनी चहा घेता घेता सांगितलं होतं की आमच्या खरेदी विभागात हिशेबाचा घोळ आहे. मी इमानेइतबारे मेलमध्ये पहिल्याच मुद्द्यात ‘खरेदी विभागातील घोळ’ लिहिलं. त्यांनी न वाचता मेल पुढे ढकलला, खरेदी विभागाच्या प्रमुखांनी तो वाचला, आणि त्यानंतर त्या कंपनीत माझा फोन कुणी उचलला नाही. तेव्हापासून मी माणूस काढून टाकतो आणि घटना ठेवतो. ‘मुलांकडून चुका होतात’ ऐवजी ‘चुकीचा पार्ट जातो आणि परत येतो’. अर्थ तोच, पण बोट कुणाकडेच जात नाही.

गरजांच्या वर एक वाक्य हवं: मला समजलं ते असं, चुकलं असेल तर दुरुस्त करा. हा विनय नाही, कामाचं वाक्य आहे. माणसाला ‘प्रतिसाद द्या’ म्हटलं तर तो देत नाही, पण आपल्याबद्दल लिहिलेला आकडा चुकलेला दिसला तर लगेच दुरुस्त करतो. ‘दोन नाही, दीड दिवस’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं तरी त्या माणसाने मेल नीट वाचला, हे तुम्हाला कळतं.

पुढचं पाऊल

‘सवडीने पाहावे’ म्हणजे समोरच्याला दिलेली रजाच. सवड कधीच होत नसते. ‘शंका असल्यास संपर्क साधावा’ मध्ये तर सगळं काम ग्राहकावर टाकलंय: त्याने ब्रोशर वाचायचं, त्याने शंका काढायची, त्यानेच फोन करायचा.

पुढचं पाऊल एकच असावं आणि ज्याला मेल लिहिताय त्याला वर न विचारता ‘हो’ म्हणता येईल एवढं लहान असावं. सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे सर ठरवू शकत नाहीत. पण मंगळवारी तासभर गोदामात कुणाला येऊ द्यायचं, हे ते नक्की ठरवू शकतात. तुमच्या मेलला दरपत्रक जोडलंय, तीही हीच चूक. गरज अजून डायरेक्टरच्या कानावरही गेलेली नाही आणि त्यांच्यासमोर थेट रक्कम गेली. दोन दिवसांच्या खोळंब्याशेजारी तीच रक्कम वेगळी दिसते, नुसती आली की महाग वाटते. सरांनी मीटिंगमध्ये स्वतःहून दर मागितला असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा टाळाटाळ करायची नाही. तुमच्या टिपणांत तसं काही दिसत नाही.

इथे मी गोदामातच छोटी चाचणी सुचवेन. तुमच्या ऑफिसात डेमो ठेवला तर तुमचा नमुन्याचा डेटा असतो आणि सगळं सुरळीत चालतं, म्हणूनच त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्यांचे वीस पार्ट, त्यांचं गोदाम, त्यांच्या मॅडमचा स्क्रीन. सोबत त्यांच्याकडून एक छोटी गोष्ट मागायची: त्या वीस पार्टची यादी. दहा मिनिटांचं काम आहे. यादी आली तर समोरच्याला रस आहे. तीनदा आठवण करूनही आली नाही, तर चाचणीचा दिवसही पुढे ढकलला जाणार, असं धरून चाला.

पावलात चार गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत: कधी, किती वेळ, कोण कोण, आणि शेवटी काय कळेल. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. ‘डेमो ठेवू’ यात ग्राहकाला काय मिळणार ते दिसत नाही. ‘परत आलेल्या पार्टची नोंद मॅडमना लगेच दिसते का, हे कळेल’ यात दिसतं. वेळा दोनच द्या. एकच दिली तर नाही म्हणणं सोपं जातं, पाच दिल्या तर निवडायचं काम उद्यावर जातं.

कात्री

आता तुमची खरी तक्रार. गरजा आणि पाऊल लिहिलं की मेल फुगतो. माझाही फुगला. पहिला खर्डा दोनशे शब्दांच्या पुढे गेला. मग काय काढलं ते सांगतो.

कंपनीची ओळख पूर्ण गेली. मीटिंग झाली आहे, आता ओळख कशाला? डायरेक्टरना हवी असेल तर सहीखाली वेबसाइट आहे. सुविधांचं वाक्य गेलं, कारण चाचणीत त्या दिसणारच आहेत. प्रत्येक गरजेपुढे मी ‘यासाठी आमच्याकडे अमुक आहे’ असं लिहिलं होतं, तेही काढलं. हे काढताना हात थांबतो, मान्य आहे. पण गरजेला उपाय चिकटवला की वाचणारा गरज सोडून उपायाची चिरफाड करायला लागतो, आणि तुम्ही उत्तर द्यायला तिथे नसता. आभाराचं वाक्य चार शब्दांचं केलं. मेलला जोडलेल्या चारही फाइल काढल्या. चार फाइल दिसल्या की मेल ‘नंतर नीट बघू’च्या ढिगात जातो आणि तिथून परत येत नाही.

अकाउंटिंग सॉफ्टवेअरशी जोडणी होईल का, या प्रश्नाची ओळ मात्र ठेवली. मीटिंगमध्ये जे ‘पाहून सांगतो’ म्हणालात ते मेलमध्ये तारखेसह यायलाच हवं. उत्तर हाती नसेल तर कधी देणार ते लिहा. तो प्रश्न मॅडमनी विचारला होता ना? मग त्या तो विसरणार नाहीत.

विषयाची ओळ मी सगळ्यात शेवटी लिहितो, कारण मेलमध्ये काय राहिलंय ते तेव्हा कळलेलं असतं. मोबाइलवर तिचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून अडचण आधी आणि आपलं काही असेल तर नंतर. ‘आजच्या मीटिंगबद्दल’ हा विषय दोन दिवसांनी निरर्थक होतो.

हे सगळं झाल्यावर मेल असा उरला:

> विषय: महिनाअखेरची मोजणी, रिटर्नच्या नोंदी: मंगळवारी 45 मिनिटांची चाचणी
>
> नमस्कार सर,
>
> आज वेळ दिलात, आभार. तुमच्याकडच्या अडचणी मला समजल्या त्या अशा. काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.
>
> - महिनाअखेरच्या मोजणीसाठी दोन दिवस माल पाठवणं बंद ठेवावं लागतं.
> - आठवड्याला अंदाजे आठ-दहा वेळा चुकीचा पार्ट जातो आणि परत येतो.
> - परत आलेल्या मालाची नोंद अकाउंट्सला चार-पाच दिवसांनी मिळते, तोवर क्रेडिट नोट अडकते.
>
> वार्षिक मोजणीच्या आत हे मार्गी लागावं, असं तुम्ही म्हणालात.
>
> त्यासाठी मंगळवारी, 14 तारखेला, सकाळी 11 वाजता तुमच्या गोदामात 45 मिनिटांची चाचणी करू. तुम्ही, मॅडम आणि स्टोअरकीपर एवढे असलात तरी पुरे. परत आलेल्या पार्टची नोंद मॅडमच्या स्क्रीनवर लगेच दिसते का, हे तिथेच कळेल. मंगळवार जमत नसेल तर गुरुवारी, 16 तारखेला, याच वेळी येतो. कुठलेही 20 पार्ट निवडून त्यांची कोडसह यादी सोमवारपर्यंत पाठवाल का?
>
> तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरशी जोडणी होईल का, याचं उत्तर शुक्रवारी देतो.

शब्द मोजा. तुमच्या मूळ मेलपेक्षा थोडे जास्तच निघतील. तरी हा मेल मोबाइलवर मिनिटभरात वाचून होतो आणि ‘मंगळवार चालेल’ एवढ्या दोन शब्दांत त्याला उत्तर देता येतं. मी आटोपशीरपणा असा मोजतो. दीडशे शब्दांच्या वर गेलो तर मात्र पुन्हा कात्री घेऊन बसतो.

काही बारीक गोष्टी. ‘आपण’चं ‘तुम्ही’ केलंय, कारण मीटिंगमध्ये तुम्ही तसंच बोलला असाल. समोरचे ‘आपण’नेच बोलत असतील तर ‘आपण’ ठेवा, पण एकाच मेलमध्ये दोन्हीची सरमिसळ नको. मॅडमना सीसीमध्ये घ्या, कारण तिसरी गरज त्यांची आहे आणि चाचणीला त्या हव्यात. डायरेक्टरना मात्र तुम्ही होऊन सीसी करू नका. सरांना डावलून वर गेल्यासारखं दिसतं. त्यांनी स्वतः फॉरवर्ड करावा, एवढाच हा सगळा खटाटोप. आणि मेल त्याच दिवशी पाठवा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चार दिवसांनी तुमच्याही लक्षात दोन दिवस की दीड, हे राहत नाही.

हा साचा सगळीकडे बसत नाही. मीटिंगला आठ-दहा माणसं असतील आणि तांत्रिक मुद्दे बरेच ठरले असतील, तर त्यांचं टिपण वेगळ्या फाइलमध्ये द्या आणि मेल एवढाच ठेवा. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. कधीकधी लिहायला बसल्यावर लक्षात येतं की टिपणांत त्यांची एकही गरज नाही, सगळं आपलंच बोलणं आहे. तेव्हा ‘कार्यक्षमता वाढवणे’ वगैरे शब्द घालून जागा भरू नका. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्या दिवशी मेलमध्ये एकच प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ, ‘सध्या मोजणीला किती दिवस लागतात, हे विचारायचं राहिलं. उद्या पाच मिनिटं फोन करू का?’ आणि थांबावं.

हा मेल गेल्यावर शुक्रवार येईल. सरांचं उत्तर आलेलं असो वा नसो, जोडणीबद्दलचं उत्तर पाठवायचंच. तीच तुमची आठवण, वेगळं ‘रिमाइंडर’ लागत नाही. ते याच मेलला रिप्लाय करून पाठवा, विषय न बदलता, म्हणजे तीन गरजा खाली तशाच दिसत राहतात. दोन ओळी पुरतात:

> सर, शुक्रवारी सांगतो म्हटलं होतं: तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरशी जोडणी होते, पण जुन्या नोंदी एकदा एक्सेलमधून चढवाव्या लागतील. मंगळवारी 11 ची वेळ ठेवू का?